ओळीचा शेवटचा टाका

तिला कारखान्यात सगळ्या काठवाली म्हणत. हार्डवेअरच्या दुकानावरच्या मोठ्या खोलीला कारखाना म्हणणं म्हणजे जरा जास्तच होतं. तिथे एक लांब टेबल होतं, लोकरीच्या टोपल्या होत्या आणि क्रोशाची सुई चालवणाऱ्या आठ-नऊ बायका होत्या. खालून दिवसभर पाइप कापल्याचा आवाज यायचा, वर बायकांचा. त्यात खालचा आवाज कमी पडायचा.

काठवाली टोपी विणत नसे. ती फक्त काठ विणायची, टोपीचा नाहीतर हातमोज्याच्या मनगटाचा. हा काठ गोल फिरत विणत नाहीत, आडवा विणतात. काठ जेवढा रुंद हवा तेवढीच फाशांची साखळी घालायची, फार तर चार बोटं. मग त्यावर सरकत्या टाक्यांच्या ओळीवर ओळी. दर ओळीनंतर काम उलटायचं, आणि टाक्याच्या माथ्यावर जे दोन धागे असतात त्यातला फक्त मागचा सुईवर घ्यायचा. पुढचा धागा सोडला की तो वर उठून राहतो, आणि उलटसुलट करत गेलं की पट्टीवर शेतातल्या सऱ्यांसारख्या रेघा उमटतात. पट्टी डोक्याभोवती पुरेल एवढी झाली की आडवी करून बघायची. ओळी उभ्या दिसतात, आणि ताणली की पट्टी रबरासारखी लांबते आणि सोडली की मुकाट जागेवर येते.

सरकता टाका हा फार कद्रू टाका आहे. त्याला उंची अशी नसतेच. ओळींवर ओळी घाला, पट्टी बोटभर वाढते. शिवाय जरा घट्ट ओढला की पुढच्या ओळीत सुई शिरत नाही, आणि बाई रडकुंडीला येते. काठवालीचा हात मुळातच सैल. बाकीच्यांच्या पट्ट्या ताणल्या की कुरकुरायच्या, हिची लोण्यासारखी सुटायची. म्हणून वर्षानुवर्षं काठ तिच्याकडेच. नवीन मुलगी आली की तिलाही पहिला धडा हीच द्यायची.

"हे बघ, ओळीचा शेवटचा टाका लपून बसतो. वाटतं, संपली ओळ. संपलेली नसते. बोटाने चाचपून त्याला शोधायचं. तो सुटला की पट्टी निमुळती झालीच म्हणून समज."

एवढं सगळं सांगायचं कारण असं की एका सकाळी काठवालीच्या हातात तिचीच पट्टी होती आणि ती निमुळती झाली होती.

सुरुवातीला वीस टाके होते. वरच्या ओळीत तिने मोजले तर पंधरा. तिने पुन्हा मोजले. पंधराच. तिला हसू आलं आधी. मग तिने पट्टी टेबलावर सपाट केली, आणि दोन्ही कडा हळूहळू आत येत गेलेल्या बघून तिला आई आठवली.

तिची आई अशीच गेली होती. म्हणजे मरण नंतर आलं. त्याच्या कितीतरी आधी आई गेली होती, आणि त्या जाण्याची सुरुवात क्रोशातच झाली होती. आईने नातवासाठी टोपी विणायला घेतली आणि टाके मोजता मोजता चुकायला लागली. घरात सगळे हसले. काठवालीही हसली. "आई, तुझं लक्ष कुठाय?" पुढे आई चहात मीठ घालू लागली, मग स्वतःच्या दारात उभी राहून "हे कोणाचं घर?" विचारू लागली, आणि शेवटच्या वर्षात लेकीने भरवलेला घास तोंडात धरून तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघायची. तिला न्हाऊमाखू घालणारी हीच होती. तिने सगळं जवळून बघितलं होतं, आणि म्हणूनच तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने इकडेतिकडे बघितलं, पट्टी उसवली, लोकर गुंडाळली आणि पुन्हा साखळी घातली. कुणाला काही कळलं नाही.

पण भीती अशी एकदा घरात शिरली की प्रत्येक भांड्यात तीच दिसते. त्याच आठवड्यात चहाचा कप तिने ओट्यावर ठेवला आणि वळून बघते तर कप नाही. सगळं स्वयंपाकघर शोधलं. नवरा आला आणि म्हणाला, "हा काय तुझ्या कोपराशी!" कप खरंच तिथेच होता, डाव्या हाताला. तो हसत निघून गेला. ती ओट्याला धरून उभी राहिली. कुठे ठेवला तेच आठवत नाही, म्हणजे झालंच की.

पेपर वाचायला बसली तर बातम्यांचा अर्थच लागेना. 'मुळे वाहतूक बंद.' कशामुळे? 'यांची प्रकृती स्थिर.' कोणाची? तिने तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आणि पेपर घडी करून उशीखाली ठेवला. शब्द ओळखीचे होते, पण त्यांचा मेळ बसत नव्हता. आईलाही शेवटी असंच व्हायचं, ती पेपर नुसता हातात धरून बसायची.

रस्ता ओलांडताना एक सायकलवाला अंगावरच आला. "आजी, बघून चालाल का!" तो ओरडला. ती बघूनच चालली होती. निदान तिला तसं वाटत होतं. आता स्वतःच्या वाटण्यावर किती विश्वास ठेवायचा, हाही प्रश्नच होता.

यातलं तिने कोणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगावं, तर तो बिचारा आयुष्यभर बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. जे खोलून नीट करता येत नाही त्याला तो फार घाबरतो. आणि एकदा बोललं की ते खरं होणार. मग घरातले आपल्यासमोर हळू बोलायला लागणार, गॅसची चावी काढून ठेवणार, बाहेर जाताना कडी लावणार. आईच्या खोलीलाही बाहेरून कडी असायची. त्या कडीचा आवाज तिच्या कानात अजून होता.

कारखान्यात तिने चोरासारखं काम सुरू केलं. पट्टी निमुळती झाली की उसवायची. उसवायला वेळ नसला तर ओळीच्या टोकाला एकाच धाग्यात दोन टाके घालून रुंदी परत आणायची. म्हणजे तीच चूक, जी नवीन मुलीने केली असती तर हिने तिच्या हातावर चापटी मारली असती. ती ओठांतल्या ओठांत मोजू लागली. अठरा, एकोणीस, ओळ संपली. मग वीस कुठे गेला? मघाशीच चुकले की आत्ता मोजताना चुकले? ती परत पहिल्यापासून मोजायची. पुन्हा एकोणीस. जन्मात कधी घट्ट झाला नव्हता तो हात आता घट्ट होऊ लागला. लोण्यासारख्या पट्ट्या कुरकुरू लागल्या.

या पट्ट्या पुढे जायच्या तिच्या धाकट्या जावेकडे. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच इमारतीत वरखाली राहायचे, आणि दोघी जावा एकाच टेबलाशी शेजारीशेजारी बसायच्या. काठ विणायचं काम थोरलीचं आणि जोडायचं धाकटीचं. धाकटी जिभेने तिखट, पण जोडकाम तिचं बघत राहावं असं. पट्टीची पहिली ओळ आणि शेवटची ओळ समोरासमोर धरून ती शेवटच्या ओळीतल्या मागच्या धाग्याला सुरुवातीच्या साखळीचा धागा अशा जोड्या लावत कडं बंद करायची. मग त्या कड्याच्या एका अंगाला, प्रत्येक सरीत एकच टाका घेत, टोपीचं अंग लावायची. टाके जास्त झाले तर काठ झालरीसारखा फुलतो, कमी झाले तर आखडतो. आणि जोडाची ओळ आवळून घातली तर पट्टी कितीही ताणली तरी टोपी डोक्यात जात नाही.

गेल्या काही दिवसांत धाकटीच्या जोडात पायऱ्या पडत होत्या. एका टोकाला वीस टाके, दुसऱ्या टोकाला सोळा. विसात सोळा लावले की चार उरतातच, ते कुठे लपवणार? तिने दोनतीनदा गुपचूप पट्टी उसवून स्वतः नीट केली. बोलली नाही. तिला वेगळंच दुखत होतं.

एक दिवस तिचं दुखणं बाहेर आलं. दुपारच्या डब्यानंतर बायका खाली हात धुवायला गेल्या होत्या. काठवाली एकटी बसून मोजत होती. अचानक कानाशी आवाज आला.

"जाऊबाई, माझं काय चुकलं ते एकदाचं सांगून टाका."

काठवाली एवढी दचकली की सुई हातातून उडाली. "अगंबाई! तू कधी आलीस?"

"कधी आलीस म्हणजे? डबा खाल्ल्यापासून इथेच बसलेय. तुमच्या मांडीला मांडी लावून." धाकटीचा आवाज चिरका झाला. "गेले कित्येक दिवस हेच चाललंय. मी येते, बसते, तुम्ही बघतसुद्धा नाही. लाडू पुढे केला तर हात लावला नाहीत. पट्ट्या देता त्याही अशा, की मला मुद्दाम त्रास द्यायचा असावा. काय केलंय मी?"

लाडू कुठला? काठवालीला लाडू आठवतच नव्हता. ही कधीची बसलीय तेही माहीत नव्हतं. हात मांडीवर ठेवून ती जोरजोरात रडायला लागली, लहान पोर रडतं तशी.

"तुझं काही चुकलं नाही गं. मला आईचं झालंय. मी विसरायला लागलेय. कप विसरते, माणसं विसरते, टाके विसरते. तू बसलेली मला आठवत नाही. कोणाला सांगू नकोस. मला कोंडून ठेवतील."

धाकटीचा राग एका क्षणात उतरला. तिने काठवालीचा हात धरला. थोरलीच्या आईचे ते दिवस तिनेही बघितले होते. खाली पाइप कापणं चालू होतं.

मग धाकटीने डोळे पुसले आणि सवयीने समोरची पट्टी उचलली. हातात काम असलं की तिचं डोकं चालतं. तिने पट्टी उजेडाकडे धरली, ताणली, उलटली.

"जाऊबाई, तुमच्या आईंनी विणलेली ती टोपी आहे ना तुमच्याकडे? ती बिघडलेली?"

"आहे की. पेटीत." ती टोपी आठवून काठवालीला पुन्हा हुंदका आला. ती टोपी तिला डोळे मिटूनही दिसायची. "तिचा काठसुद्धा असाच केला होता आईने. मध्येच भोकं आहेत. कुठे एका धाग्यात तीन टाके. कुठे पुढचाच धागा घेतलाय, तिथे सरीच बुजलीय."

"मध्येच?"

"मध्ये, कडेला, कुठेही. जिथे विसरली तिथे."

"मग या तुमच्या पट्टीत मला मध्ये एक भोक दाखवा."

काठवालीने पट्टी घेतली. ती तपासायला घाबरत होती, पण नजर कामाची होती, ती आपोआप फिरली. एकही भोक नव्हतं. सरी अखंड, मागचा धागा प्रत्येक वेळी मागचाच. आवळलेली होती, पण चूक नव्हती. जेवढे टाके गेले होते ते सगळे काठावर, कधी या कडेला तर कधी त्या कडेला.

"दोन्ही कडांना गेलेत," ती पुटपुटली.

"काम उलटता ना दर ओळीला! म्हणून दोन्ही कडा. पण विणताना ओळ संपते कुठे? तुमच्या कुठल्या हाताला?"

काठवालीने हवेत सुई धरल्यासारखं केलं. उजवीकडून निघायचं, डावीकडे संपवायचं. "डाव्या."

"कप कुठे होता?"

"डाव्या कोपराशी."

"आणि मी कुठे बसते? लाडू कुठून पुढे केला?" धाकटी आता उभी राहिली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. "समोर बघा. खिडकीकडे. मान हलवायची नाही."

काठवालीने खिडकीकडे बघितलं. खिडकीचा उजवा गज दिसत होता. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर दिसत होती, म्हणजे तिचा अर्धा भाग. बाकी काळोख वगैरे काही नव्हता. बाकी नव्हतंच.

"माझ्या हातात काय आहे?"

"तुझा हात कुठाय?"

"तुमच्या डाव्या गालापासून वीतभर. लाल लोकरीचा गुंडा धरलाय, जाऊबाई. एवढा मोठा गुंडा."

काठवालीने मान वळवली आणि गुंडा एकदम उगवला. तो इतका लाल आणि इतका जवळ होता की ती मागे सरकली. तिने मान सरळ केली, गुंडा गेला. परत वळवली, परत आला. तिने तीनचारदा तसं केलं, आणि दर वेळी तिला जास्तच भीती वाटली. अर्धं जग असं शेजारी बसून होतं आणि तिला पत्ताही नव्हता. पण त्या भीतीच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला. ती कप विसरली नव्हती. तिने तो बघितलाच नव्हता.

"म्हणजे डोकं जागेवर आहे माझं?"

"ते आधी तरी कुठे होतं," धाकटी म्हणाली आणि रडली. "चला, चपला घाला. दवाखाना उघडा असेल."

दवाखान्यातून त्यांना मोठ्या इस्पितळात पाठवलं. इस्पितळात काठवालीला एका यंत्राच्या बोगद्यात निजवलं. आत ठोकल्यासारखे आवाज होत होते आणि ती डोळे मिटून मनातल्या मनात पट्टी विणत होती. एक, दोन, तीन, मागचा धागा, मागचा धागा. वीसपर्यंत गेली की उलटायची. बोगद्यात तिचा एकही टाका सुटला नाही.

बाहेर नवरा बाकावर बसला होता. त्याला सगळं सांगावं लागलं होतं. तो इंजिनाचा आवाज ऐकावा तसा मान वाकडी करून प्रत्येक नर्सच्या पावलांकडे कान देत होता. धाकटी त्याच्या शेजारी बसून जुनी पट्टी बोटांवर गुंडाळत होती आणि सोडत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सरळ बोलणाऱ्या. मेंदूच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, एका बारीक रक्तवाहिनीत रक्त अडलं होतं, त्या म्हणाल्या. डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं बघणारा तो तुकडा गेला. दुखत नाही, म्हणून पुष्कळांना कळतच नाही.

"परत येईल?" नवऱ्याने विचारलं.

"थोडंफार येऊ शकतं. खात्री देत नाही. पण दुसरा झटका येऊ नये म्हणून गोळ्या रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. आणि मान डावीकडे वळवायची सवय लावायची. सारखी. मुद्दाम."

"आणि विसरणं?" काठवालीने विचारलं. हा प्रश्न तिने दोन्ही हातांनी खुर्ची धरून विचारला.

डॉक्टरीणबाईंनी तिला बरेच प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, शब्द लक्षात ठेवायला लावले, मध्येच भलत्या गप्पा मारल्या आणि मग ते शब्द परत विचारले. काठवालीने सगळे सांगितले. "आज तरी त्याचं काही चिन्ह नाही," त्या म्हणाल्या.

आज तरी. घरी येईपर्यंत काठवाली या दोन शब्दांना चिकटून होती. जीव भांड्यात पडला म्हणावा, तर तसाही पडला नव्हता. गोळी घेताना तिला दुसऱ्या झटक्याची भीती वाटायची, झोपताना वाटायची, जिना उतरताना तर पाचावर धारण बसायची. पण ही भीती सगळ्यांच्या समोर होती. तिला लपवून उसवावं लागत नव्हतं.

काही आठवड्यांनी ती कारखान्यात परत आली. बायकांनी टोपल्या बाजूला केल्या, कुणी पाणी आणलं. धाकटीने तिच्यासाठी एक युक्ती करून ठेवली होती. ओळीच्या शेवटच्या टाक्यात लाल धाग्याचा एक तुकडा अडकवायचा, आणि ओळ संपली की तो काढून नव्या शेवटच्या टाक्यात घालायचा. लाल धागा दिसला नाही तोवर ओळ संपली नाही.

काठवालीने वीस टाक्यांची पट्टी घेतली. मागचा धागा, मागचा धागा. ओळीच्या टोकाला आली की थांबायची, मान डावीकडे वळवायची, लाल धागा शोधायची, अंगठ्याने चाचपायची, मगच उलटायची. फार हळू काम होत होतं. सरी वाढत होत्या. दुपार कलली तेव्हा पट्टी डोक्याभोवती पुरेल एवढी झाली.

"आणा इकडे, मी जोडते," धाकटी म्हणाली.

"आज मीच जोडणार."

तिने पट्टीची दोन्ही टोकं समोरासमोर धरली. शेवटच्या ओळीतल्या मागच्या धाग्याला साखळीचा एक धागा, अशी जोडी लावत ती सैल हाताने सरकते टाके घालत गेली. आजूबाजूच्या बायका सुया खाली ठेवून बघत होत्या. इथे मोजायची गरज नसते. एखादा टाका हरवला असेल तर शेवटी साखळीचा धागा एकटा उरतो आणि सगळ्यांना दिसतो. टोकाशी आल्यावर तिने मान पूर्ण डावीकडे वळवली.

एकही धागा उरला नव्हता.

तिथेच, लाल धाग्याच्या पलीकडे, तिला रिकामी जागा दिसली. धाकटीने आपली खुर्ची उचलून उजवीकडे नेली होती.

"तिकडे काय करतेस?"

"तुम्हाला दिसावं म्हणून इकडे आले."

काठवालीने कडं टेबलावर ठेवलं. "परत इकडे ये. डावीकडेच बस."

"अहो, पण तिकडे मी दिसणार नाही तुम्हाला."

"म्हणूनच बस. नुसत्या लोकरीसाठी मी किती वेळा मान वळवणार?"